सहा विषय, टक्केवारी पाचांची

दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी मोबाइलवर बेरजा सुरू होतात आणि एकाच मुलाची दोन वेगळी टक्केवारी निघते. बहुतेकदा दोन्ही बेरजा बरोबर असतात, भागाकार मात्र वेगळा झालेला असतो.

एक काल्पनिक निकाल घेऊ. महाराष्ट्र मंडळाची विद्यार्थिनी: मराठी ८४, हिंदी ९१, इंग्रजी ७८, गणित ९२, विज्ञान ८६, सामाजिक शास्त्रे ८९. सहाही विषयांची बेरीज ५२०, म्हणजे ६०० पैकी ८६.६७ टक्के. आता सर्वांत कमी गुणांचा विषय, इंग्रजी, बाजूला ठेवा. उरले ४४२, आणि हे ५०० पैकी मोजायचे: ८८.४० टक्के. अकरावीसाठी हाच आकडा धरतात. ‘बेस्ट फाइव्ह’ म्हणतात ते हेच. महाराष्ट्रात ही पद्धत २०१० साली आली, त्यावरून न्यायालयीन वादही झाला.

चुकते कुठे? विषय गाळला, पण भागाकार ६०० नेच केला, तर ७३.६७ येतात आणि घरात उगाच सुतक पसरते. उलट सहा विषयांची बेरीज ५०० ने भागली तर १०४ टक्के! शंभरापलीकडचे उत्तर निदान लगेच लक्षात तरी येते.

फायदा सगळ्यांना सारखा नसतो. सहा विषयांच्या सरासरीपेक्षा सर्वांत कमी गुण जितके खाली, त्याचा पाचवा भाग म्हणजे वाढ. इथे ८६.६७ वजा ७८, म्हणजे ८.६७, त्याचे पाच भाग केले की पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. सगळ्या विषयांत सारखेच गुण मिळवणाऱ्या मुलाला मात्र काहीच मिळत नाही. एका विषयात घसरलेल्याला ही पद्धत उचलून धरते, हे मान्य करायला हवे.

कला-क्रीडेचे वाढीव गुण पाच विषयांच्या बेरजेत मिळवतात. आपल्या विद्यार्थिनीला असे ५ गुण असतील, तर ४४७ म्हणजे ८९.४० टक्के. आणि गाळलेला विषय नापास असला तरी चालतो, असा गैरसमज नको. उत्तीर्ण होण्यासाठी सहाही विषय मोजतात.

सीबीएसईची गोष्ट वेगळी. तिथे पाच मुख्य विषय आणि हवा तर सहावा ऐच्छिक. ते मंडळ एकूण टक्केवारी जाहीरच करत नाही. सहापैकी कोणते पाच धरायचे, ते प्रवेश देणारी संस्था ठरवते. एखाद्या संस्थेने विशिष्ट विषय सक्तीचे केले असतील, तर ऐच्छिक विषयातले ९८ गुणही कामाला येणार नाहीत. आपल्या बोर्डाच्या बारावीतही ‘बेस्ट फाइव्ह’ नाही, सगळ्या विषयांची बेरीज धरतात. म्हणून अर्जात टक्केवारी लिहिण्याआधी त्या प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडा आणि कोणते विषय, किती गुणांपैकी, एवढे वाचून मगच आकडा भरा.