डिझाइन पाठवलं, क्लायंट गप्प; ‘अमुक तारखेनंतर काम सुरू करतो’ असं कळवलं तर चालतं का?

‘हो नं भाऊ, पाहतो उद्या.’ अमरावतीत बसून अकोल्याच्या पार्टीचं डिझाइनचं काम करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. तो उद्या काही येत नाही. पाठवलेल्या फाइलखाली निळ्या टिक दिसतात, मंजुरी मात्र दिसत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, तारीख टाकून मेसेज कर, ‘या तारखेपर्यंत कळवलं नाही तर मंजूर समजून काम सुरू करतो.’

सल्ला चांगला आहे, पण अर्धा. तारीख टाकल्याने कोणतं काम पुढे नेता येतं आणि कोणतं नाही, हा खरा प्रश्न आहे.

गप्प राहणं म्हणजे होकार?

नाही. यावरचा एक जुना खटला इंग्लंडमधला आहे, १८६२ सालचा. फेल्टहाउस नावाच्या काकाने पुतण्याला घोड्यासाठी ३० पौंड १५ शिलिंग देऊ केले आणि लिहिलं की, तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा असं समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलाव करणाऱ्याने तो घोडा चुकून विकला आणि काका कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं, घोडा तुमचा झालाच नव्हता. समोरच्यावर उत्तर देण्याची सक्ती तुम्ही एकतर्फी लादू शकत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही स्वीकार हा कळवावा लागतो, नाहीतर कृतीतून दिसावा लागतो.

म्हणून नुसत्या मेसेजमधलं ‘मंजूर समजतो’ हे कमकुवत आहे. तेच वाक्य कामाच्या सुरुवातीला, दोघांनी मान्य केलेल्या वर्क ऑर्डरमध्ये असेल तर गोष्ट वेगळी होते: ‘डिझाइन पाठवल्यापासून ७ दिवसांत हरकत न आल्यास पुढचा टप्पा सुरू होईल.’ मग गप्प राहण्याचा अर्थ काय, हे क्लायंटने स्वतःच आधी ठरवलेलं असतं.

सरकारी व्यवहारातही हेच तत्त्व दिसतं. महापालिकेकडे बांधकामाचा नकाशा दिला आणि ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४५ परवानगी मिळाली असं मानतं. यालाच मानीव परवानगी म्हणतात. पण नकाशा नियमांत तंतोतंत बसणारा असेल तरच. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी करारनाम्याच्या नमुन्यात ठेकेदाराला ड्रॉइंगवरच्या शेऱ्यांसाठी साधारण १५ दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तो काम सुरू करू शकतो, मात्र स्वतःच्या जोखमीवर. म्हणजे मुदत संपली की हात मोकळे होतात, जबाबदारी सुटत नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, अकोला एमआयडीसीतल्या एका दालमिलने तुरीच्या डाळीच्या पाकिटाचं डिझाइन अमरावतीच्या छोट्या स्टुडिओला दिलं. आधी १ किलोचं पाकीट, तेच धरून ५०० ग्रॅम आणि ५ किलोचं. नवी तूर बाजारात यायच्या आत पाकिटं हवीत. तिसरी आवृत्ती १ डिसेंबरला गेली. ८ तारीख आली तरी उत्तर नाही.

पहिलं काम मेसेजचं नाही, फोनचं. ‘काका, अडलं कुठे?’ एवढंच विचारायचं. बरेचदा डिझाइन आवडलेलं असतं, पण लहान भावाने अजून पाहिलेलं नसतं, किंवा पाकिटावर पत्ता जुन्या गोदामाचा टाकायचा की नव्या, हे ठरलेलं नसतं. अशा वेळी तारीख टाकून उपयोग नाही. अडलेली गोष्ट सोडवावी लागते. फोनवरही ‘पाहतो’ एवढंच आलं, तर त्याच दिवशी लेखी जायला हवं:

‘नमस्कार काका. तूरडाळ १ किलो पाकिटाचं डिझाइन (Toordal-1kg-V3.pdf) १ डिसेंबरला ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं आहे. बदल असतील तर १२ डिसेंबर, संध्याकाळी ५ पर्यंत कळवा. तोपर्यंत काही आलं नाही, तर वर्क ऑर्डरप्रमाणे V3 धरून १३ तारखेपासून ५०० ग्रॅम आणि ५ किलोच्या पाकिटांचं डिझाइन सुरू करतो. त्यानंतर V3 मध्ये बदल आले, तर ते तिन्ही पाकिटांत करावे लागतील आणि त्याचे पैसे वेगळे लागतील. सिलिंडर मात्र तुमची लेखी मंजुरी आल्याशिवाय करायला देणार नाही. मंजुरी १५ तारखेनंतर आली, तर पाकिटं तितकेच दिवस उशिरा मिळतील.’

यात आवृत्तीचा क्रमांक आहे. इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो असतोच. डिझाइनवाले फाइलला ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ अशी नावं देतात आणि मग कोणत्या फाइलवर काम पुढे गेलं यावरून वाद होतो. तारखेसोबत वेळही आहे. आणि १३ तारखेला नेमकं काय सुरू होणार, हे नावानिशी आहे. ‘पुढचं काम सुरू करतो’ एवढंच लिहिलं असतं, तर क्लायंटला त्यातून किती खर्च उभा राहतो हे कळलंच नसतं.

सिलिंडर का थांबवायचे?

ग्रॅव्हिअर छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर, तेही प्रत्येक आकाराच्या पाकिटाला वेगळे. स्क्रीनवरचं डिझाइन बदलायला फार तर दोन-चार दिवसांची मेहनत जाते. कोरलेल्या सिलिंडरवर एक आकडा चुकला, तर तो सिलिंडर पुन्हा करावा लागतो. त्यात पाकिटावर निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचा पत्ता, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक असा कायद्याने आवश्यक मजकूर असतो. तो बरोबर आहे हे फक्त दालमिलच सांगू शकते. तिच्या गप्प राहण्यावर विसंबून तो धातूत कोरणं म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची जोखीम फुकट अंगावर घेणं.

वर्क ऑर्डरच नसेल तर?

वऱ्हाडात निम्मी कामं तोंडी ठरतात, त्यामुळे हा प्रश्न मोठा आहे. अशा वेळी ‘मंजूर समजतो’ लिहू नये. ‘काम थांबवतो आणि डिलिव्हरीची तारीख पुढे जाते’ असं लिहावं. याला करार कायद्याच्या कलम ६७ चा आधार आहे. त्यातलंच उदाहरण: घर दुरुस्त करायचं ठरलं, पण मालक दुरुस्ती कुठे करायची हेच दाखवत नाही, त्यामुळे काम झालं नाही, तर कारागीर दोषी नाही. दालमिलचं गप्प राहणं तुमचा उशीर माफ करतं, डिझाइन मंजूर करत नाही.

अनेकांच्या तोंडी असलेला ‘एमएसएमईचा १५ दिवसांचा नियम’ इथे लागत नाही. २००६ च्या त्या कायद्यात, माल किंवा सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती दिली त्या दिवशीच स्वीकारली असं धरतात, आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजतात. तो बिलाचा हिशेब आहे. मधल्या टप्प्यावरच्या कच्च्या डिझाइनचा नाही.

राहिला अंगठ्याचा प्रश्न. ११ तारखेला रात्री काकांचा नुसता 👍 आला, तर तो मंजुरीचा की ‘मेसेज मिळाला’चा? लगेच लिहायचं, ‘म्हणजे V3 मंजूर, सिलिंडरला देऊ ना?’ ‘हो’ आलं की फाइल पाठवायची.