दोरी कुठल्या बाजूला पळते?

केंब्रिजचे गणिती जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ साली छापलेल्या ग्रंथात एका यंत्राचं वर्णन केलं. कप्पीवरून टाकलेली दोरी आणि तिच्या दोन टोकांना दोन वजनं, एवढाच त्याचा गाभा. वजनांत थोडाच फरक ठेवला की ती इतकी सावकाश सरकतात, की त्यांची गती निवांत मोजता येते. आज हे यंत्र प्रयोगशाळेपेक्षा भौतिकशास्त्राच्या पेपरात जास्त भेटतं आणि चांगल्या मुलांचेही गुण खातं.

समजा, एका बाजूला ३ किलो आणि दुसऱ्या बाजूला २ किलो वजन आहे. कप्पी आणि दोरी यांचं वजन धरायचं नाही, कप्पीत घर्षण नाही आणि गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग. विद्यार्थी ‘वरची दिशा धन’ असं ठरवतो आणि दोन्ही वजनांसाठी समीकरणं मांडतो:

T − 30 = 3a
T − 20 = 2a

दिसायला निर्दोष. सोडवली की a = −10 आणि T = 0 येतं. म्हणजे दोरीत ताणच नाही, दोन्ही वजनं मोकळी खाली पडताहेत! चूक आकडेमोडीत नाही. दोन्हीकडे एकच a लिहिला, म्हणजे दोन्ही वजनं एकाच दिशेला चालली असं मान्य केलं. दोरी तर एकाला खाली सोडताना दुसऱ्याला वर ओढते. समीकरणांनी दोरी कापून टाकली आणि तसंच उत्तर दिलं.

उपाय असा की धन दिशा दोरीच्या बाजूने धरायची: ३ किलोकडे खाली, कप्पीवरून वळून २ किलोकडे वर. मग 30 − T = 3a आणि T − 20 = 2a. बेरीज केली की ताण उडतो, 10 = 5a उरतं. त्वरण २, ताण २४ न्यूटन. ताण २० आणि ३० यांच्या मधेच पडायला हवा, हा हाताशी असलेला पडताळा. (‘वर धन’चाच हट्ट असेल, तर एका वजनाचं त्वरण a आणि दुसऱ्याचं −a लिहावं.)

उलटी दिशा धरली तर? त्वरण −२ येईल, ताण तोच २४ राहील. ऋण चिन्ह एवढंच सांगतं की हालचाल उलट बाजूला आहे. इथे बिचकून एकाच समीकरणातली दिशा मधेच फिरवली, की गणित बिघडलं.

घर्षण आलं, की मात्र ऋण उत्तरावर भागत नाही. टेबलावर ५ किलोचा ठोकळा, डावीकडे ३ आणि उजवीकडे २ किलो टांगलेले, सरकताना घर्षण ५ न्यूटन. हालचाल उजवीकडे धरली, तर 20 − 30 − 5 = 10a, म्हणजे a = −1.5. चिन्ह बदलून १.५ लिहिलं तर चूक, कारण ठोकळा डावीकडे सरकतो तेव्हा घर्षण उजवीकडे असतं. समीकरण नव्याने मांडलं, की 30 − 20 − 5 = 10a. खरं त्वरण फक्त ०.५.