गोरेपणाची पट्टी आणि किडनी

चेहरा उजळवणाऱ्या क्रीमच्या पाकिटात एके काळी पुठ्ठ्याची एक पट्टी मिळायची. एका टोकाला गडद रंग, दुसऱ्या टोकाला फिकट, मधे चढत्या छटा. पट्टी गालाजवळ धरून आपला रंग कुठे बसतो ते पाहायचे, क्रीम लावायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. मोजमाप आले की माणसाला ते शास्त्रीय वाटते. थर्मामीटर ताप दाखवतो, तशी ही पट्टी काहीतरी दाखवत असणार, असे वाटते. पण सावळ्या त्वचेत मोजण्यासारखा आजारच नसतो. तिथे उणेपण निर्माण करण्याचे काम ती पट्टीच करते, आणि तेही क्रीमची ट्यूब उघडण्याआधी.

रंगाचा पूर्वग्रह जाहिरातींनी जन्माला घातला असे म्हणणे मात्र खरे नाही. 'मुलगी जरा सावळीच आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य गिरगावच्या चाळीत टीव्ही येण्यापूर्वीही ऐकू येत असे. स्थळांच्या जाहिरातींत निमगोरी आणि गव्हाळ हे शब्द होतेच. फरक एवढाच, की शेजारच्या काकूंचा शेरा तिथेच संपत असे, कारण त्यावर उपाय नव्हता. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हर या मुंबईतल्याच कंपनीने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले आणि शेऱ्याला उपायाची जोड मिळाली. उपाय विकत मिळू लागला की न घेणाऱ्याचा दोष ठरतो. रंग जन्माने मिळालेला राहत नाही, तो हलगर्जीपणा होतो.

या ब्रँडची एक जाहिरात बरीच गाजली. निवृत्त वडील मुलगा असता तर बरे झाले असते, असे हळहळतात. ते मुलीच्या कानावर पडते. ती क्रीम लावते, गोरी होते, विमानात हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि घरात पैसा येतो. दुखणे बेकारीचे, सल मुलगी असल्याचा, आणि औषध मात्र चेहऱ्यावर! जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्या आणि २००३ साली अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पुढे २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवायची नाही. २०२० मध्ये क्रीमच्या नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. आता 'गोरेपणा' म्हणत नाहीत. 'निखार', 'चमक', 'एकसारखा रंग' म्हणतात. दादर स्टेशनच्या पुलावरून जाणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आता या क्रीममुळे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणाऱ्या पेशी ते वरच्या थरातल्या पेशींना पुरवतात. अशा क्रीममधले निआसिनामाइड हा पुरवठा थोडा मंदावते आणि सनस्क्रीन उन्हाचा काळपटपणा वाढू देत नाही. याचा परिणाम हळूहळू दिसतो, तो माफक असतो आणि वापर थांबवला की ओसरतो. आपला मूळ रंग किती, हे पाहायला पट्टी लागत नाही. दंडाच्या आतल्या बाजूची, ऊन न लागणारी त्वचा पाहावी. चेहऱ्याचा उन्हाने आलेला काळपटपणा कमी होऊन तो त्या रंगापर्यंत येऊ शकतो. त्यापलीकडे सुरक्षितपणे नेणारे क्रीम नाही.

म्हणजे जाहिरातीने जागवलेली इच्छा आणि क्रीमचे बळ यांत मोठी दरी राहते. महिना-दोन महिन्यांत ती ग्राहकाला कळते. पण 'जाहिरात फसवी होती' असा निष्कर्ष क्वचितच निघतो. 'आपल्याला जरा स्ट्राँग लागते' असा निघतो. इथून पुढचा प्रवास धोक्याचा.

पहिला थांबा बहुधा औषधाच्या दुकानात असतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तीन औषधांचे मलम वांगाच्या डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडेच वापरायचे असते. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा पटकन फिकट दिसतो. मैत्रीण विचारते, 'काय लावतेस?' आणि ट्यूब हातोहात पसरते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुळ्या आणि लव येते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. चिठ्ठी किती ठिकाणी मागितली जाते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

दुसऱ्या थांब्यावरच्या डबीवर बनवणाऱ्याचा धड पत्ताही नसतो. अकोल्याच्या एका तरुण विद्यार्थिनीने असे स्थानिक क्रीम घेतले. चेहरा उजळला, लोकांनी कौतुक केले. मग तिची आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा आजार झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी तो व्हावा, हे कोडे परळच्या केईएम रुग्णालयात उलगडले. तिथे क्रीम तपासले गेले, तेव्हा त्यात मर्यादेच्या कित्येक पट पारा निघाला. २०२३ साली ही बातमी सर्वत्र छापून आली.

पारा मेलॅनिन बनवणारे विकर बंद पाडतो, म्हणून रंग खरोखर उतरतो आणि ग्राहक खूश राहतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून किडनीत जाऊन साठतो. काहींच्या शरीरात मग किडनीच्या गाळणीवरच हल्ला करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात आणि लघवीतून प्रथिने वाहून जातात. केरळमधल्या डॉक्टरांनी या प्रकारच्या आजाराच्या १५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरली होती. दिलासा हा, की वेळेत क्रीम बंद केले तर बहुतेकांची किडनी सावरते.

लक्षणे चेहऱ्यावर दिसत नाहीत. लघवीला न विरणारा फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. अशा वेळी लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी पुरते. डबीवर 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरी' असा उल्लेख असेल, किंवा सोन्याचांदीचे दागिने काढून लावा अशी सूचना असेल, तर ती घरात ठेवू नये. पारा सोन्याला चिकटतो, म्हणून ती सूचना असते. अनेक डब्यांवर मात्र घटकच छापलेले नसतात, तेव्हा नजरेने काही कळत नाही. कायद्याने क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भाग एवढाच चालतो, आणि तो प्रयोगशाळेतच मोजता येतो.

रुग्ण क्रीमचे नाव आपणहून सांगत नाहीत, ही डॉक्टरांची अडचण असते. 'कुठली औषधे घेता?' या प्रश्नाच्या उत्तरात क्रीम येत नाही, कारण ते कोणी औषध समजत नाही. आणि गोरे होण्यासाठी काही लावतो हे चारचौघांत कबूल करायची लाजही असते. म्हणून पायावर सूज घेऊन आलेल्या तरुण मुलामुलींना वेगळे, एकट्याला विचारावे लागते : चेहऱ्याला काय लावता, घरात आणखी कोण लावते, आणि ती डबी उद्या घेऊन येता का?