तेंदूपत्त्याच्या यादीत ही नोंद कितवी? COUNTIF ची वाढती रेंज, फोनवरच

यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा येतं तेव्हा आपण साधारणपणे एकच प्रश्न विचारतो: हे नाव एकूण किती वेळा आलंय? पण बऱ्याचदा खरा प्रश्न वेगळा असतो. समोर दिसतेय ती ओळ त्या नावाची पहिली आहे, दुसरी आहे की तिसरी? हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण दोघांची उत्तरं वेगळी आहेत आणि कधी कधी त्या फरकात कुणाची तरी दिवसभराची मजुरी अडकलेली असते.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. घरातली माणसं पहाटे जंगलात जातात, पानं आणतात, घरी बसून ७० पानांचा एक असे पुडे बांधतात आणि फळीवर नेऊन देतात. (मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा असतो, आपल्याकडे ७० चा.) फळीवर मुन्शी पुडे मोजून घेतो आणि कुटुंबाच्या कार्डावर व रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. असे १००० पुडे झाले की एक स्टँडर्ड बॅग. २००६ च्या वनहक्क कायद्यात तेंदूपानं गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यामुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता स्वतःच पत्ता विकतात. मग मजुरीचा हिशोबही गावालाच ठेवावा लागतो, आणि रजिस्टरवरून तो फोनवरच्या शीटमध्ये चढवायचं काम बहुतेक वेळा गावातल्या कॉलेजच्या पोराकडे किंवा पोरीकडे येतं. मी अशा याद्या करून दिल्या आहेत, म्हणून खालची पद्धत गूगल शीट्सच्या फोन ॲपला धरूनच सांगतो. एक्सेलमध्येही फॉर्म्युला हाच चालतो.

आपली छोटी यादी अशी आहे असं समजा. A मध्ये तारीख, B मध्ये कुटुंबाचा कार्ड नंबर, C मध्ये पुडे. D आपल्याला भरायचाय.

```
ओळ   A       B    C     D
2    06/05   14   120   1
3    06/05   27    95   1
4    06/05   31   140   1
5    07/05   14   150   2
6    07/05   27   110   2
7    07/05   14   150   3
8    08/05   31   130   2
9    08/05   14   135   4
```

D2 मध्ये हे टाइप करा:

```
=COUNTIF($B$2:B2,B2)
```

सगळी गंमत `$B$2:B2` मध्ये आहे. रेंजचं पहिलं टोक `$B$2` म्हणजे खुंटीला बांधलेलं टोक. डॉलरचं चिन्ह असल्यामुळे फॉर्म्युला कुठेही कॉपी केला तरी ते हलत नाही. दुसरं टोक नुसतं `B2`, मोकळं. फॉर्म्युला एक ओळ खाली गेला की ते टोकही एक ओळ खाली सरकतं. म्हणून D3 मध्ये रेंज `$B$2:B3` होते, D5 मध्ये `$B$2:B5`, आणि D9 मध्ये `$B$2:B9`. खुंटीला बांधलेली दोरी प्रत्येक ओळीला थोडी आणखी सोडत जावी तसं.

आता पाचव्या ओळीवर थांबा. तिथे शीट विचारते, दुसऱ्या ओळीपासून इथपर्यंत 14 किती वेळा आला? दोनदा. म्हणून 2. सातव्या ओळीतही प्रश्न तोच, फक्त दोरी दोन ओळींनी लांब झालीय, म्हणून 3. खालच्या ओळींत अजून 14 आहे का, याच्याशी सातव्या ओळीला काही देणंघेणं नाही. ती फक्त स्वतःपर्यंतचं बघते. म्हणूनच मिळणारा आकडा ‘एकूण किती’ नसून ‘कितवी’ असतो.

कॉम्प्युटरवर डॉलर लावायला F4 दाबतात. फोनवर ते बटण नसतं, तेव्हा कीबोर्डच्या चिन्हांच्या पानावर जाऊन `$` हातानेच टाकायचा. मग D2 वर दाबून धरा, कॉपी करा, D3 पासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडा आणि पेस्ट करा. पुढच्या दिवसांसाठी रिकाम्या ओळींतही फॉर्म्युला आधीच टाकून ठेवायचा असेल तर हा घ्या, म्हणजे कार्ड नंबर भरेपर्यंत D कोरा राहील:

```
=IF(B2="","",COUNTIF($B$2:B2,B2))
```

डॉलर चुकला तर शीट काही तक्रार करत नाही, आकडे मात्र बिघडतात. दोन्ही टोकं मोकळी सोडली, तर प्रत्येक ओळ फक्त स्वतःलाच बघते आणि D मध्ये सगळीकडे 1 येतो. दोन्ही टोकं बांधून `$B$2:$B$9` केलं, तर 14 च्या चारही ओळींवर 4 येतो. तपासायला सोपी खूण आहे: D मध्ये जितके 1 आहेत तितकीच कुटुंबं असायला हवीत. आपल्या यादीत 1 तीन आहेत आणि कार्डंही तीनच, 14, 27 आणि 31. म्हणजे जमलं.

आता मजुरीचं बघू. यादी तीन दिवसांची आहे, पण कार्ड 14 चा शेवटचा आकडा 4 आलाय. तीन दिवसांत चार नोंदी कशा? कोणत्या दिवशी दोन झाल्या हे शोधायला तारीख आणि कार्ड दोन्ही एकत्र धरून मोजावं लागेल. त्यासाठी COUNTIFS, शेवटी S असलेला. E2 मध्ये टाका आणि खाली कॉपी करा:

```
=COUNTIFS($A$2:A2,A2,$B$2:B2,B2)
```

दोरीची युक्ती तीच, फक्त आता दोन दोऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी सुटत जातात. E मध्ये सगळीकडे 1 येईल, फक्त सातव्या ओळीवर 2. म्हणजे ७ मे ला कार्ड 14 ची दुसरी नोंद तिथे आहे. पाचव्या ओळीतही १५० पुडे आणि सातव्या ओळीतही १५०, त्यामुळे एकच चिठ्ठी दोनदा चढली असावी असा संशय येतो.

इथे वाढत्या रेंजचा खरा फायदा दिसतो. साध्या, पूर्ण बांधलेल्या COUNTIFS ने दोन्ही ओळींवर 2 आला असता. मग कुणी ‘डुप्लिकेट’ म्हणून 2 असलेल्या सगळ्या ओळी फिल्टर करून उडवल्या, तर कुटुंबाची खरी नोंदही गेली असती. वाढत्या रेंजमध्ये पहिली ओळ 1 राहते, आणि संशयाची फक्त नंतरची ओळ पुढे येते.

तरीही लगेच डिलीट करू नका. फॉर्म्युला फक्त इतकंच सांगतो की ही त्या दिवसाची दुसरी नोंद आहे. ती चुकीची आहे असं तो सांगत नाही. एका घरातली आई आधी पुडे देऊन गेली आणि मुलगा नंतर उरलेले घेऊन आला, असं होऊ शकतं. आकडा दोन्ही वेळा १५० येणं जरा विरळा, पण अशक्य नाही. हिशोबापुरतं धरू की शंभर पुड्यांना ४०० रुपये मिळतात. मग ही एक ओळ ६०० रुपयांची झाली. नोंद दोनदा चढली असेल आणि राहू दिली तर ग्रामसभेचे ६०० जास्तीचे जातात. खरी असेल आणि उडवली तर त्या घराचे ६०० बुडतात, आणि माझ्या मते ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ग्रामसभेचा हिशोब पुन्हा तपासला जाईल, पण त्या घराला शीट कोण दाखवणार? त्यामुळे E मध्ये 2 किंवा जास्त दिसलं की त्या ओळीला रंग द्या आणि कुटुंबाकडचं कार्ड व फळीचं रजिस्टर उघडून बघा. कार्डावर ७ मे ला १५० एकदाच असेल तर ओळ काढा. दोनदा असेल तर राहू द्या.

नंबर कार्डावर द्यायचे की नावावर? कार्डावरच. आपल्या भागात एकेका गावात मडावी, आत्राम, उसेंडी अशी घरं बरीच असतात आणि नावंही सारखी निघतात. शिवाय एकदा ‘सुनीता मडावी’ आणि एकदा ‘मडावी सुनीता’ लिहिलं की शीटसाठी त्या दोन वेगळ्या बाया झाल्या. त्याहून छुपा त्रास म्हणजे फोनच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की शेवटी बहुधा एक स्पेस आपोआप पडते. डोळ्यांना दिसत नाही, पण COUNTIF ला ‘मडावी’ आणि स्पेस असलेला ‘मडावी’ वेगळे वाटतात. परिणाम असा की त्या घराचे नंबर मध्येच पुन्हा 1 पासून सुरू होतात. कुटुंबांपेक्षा 1 जास्त दिसले की हेच तपासा. `=LEN(B5)` अक्षरं मोजून देतो आणि `=TRIM(B5)` फालतू स्पेस काढतो. आकड्यांतही एकच पद्धत ठेवा: मराठी कीबोर्डवरचा १४ आणि इंग्रजी 14 एका कॉलममध्ये मिसळू नका.

अजून एक गोष्ट अगदी सहज विसरली जाते. हा नंबर ओळींच्या क्रमाने पडतो, तारखेच्या क्रमाने नाही. ६ मे ची राहिलेली चिठ्ठी तुम्ही ९ मे ला सगळ्यात खाली चढवली, तर कार्ड 14 साठी ती 5 दाखवेल, जरी पुडे पहिल्याच दिवशी दिलेले असले तरी. म्हणून आधी A कॉलमवर, म्हणजे तारखेवर, यादी सॉर्ट करा आणि मग नंबर वाचा. सॉर्ट केल्यावर D आणि E आपोआप बदलतील, ते बरोबरच आहे.

यादी लांबली की फोन मात्र दमतो. प्रत्येक ओळ तिच्या वरच्या सगळ्या ओळी तपासते. २००० ओळी झाल्या की एकट्या D कॉलमसाठीच सुमारे २० लाख तुलना होतात, आणि E वेगळा. स्वस्त फोनवर शीट अडखळायला लागते. एका फळीची एका हंगामाची एक शीट ठेवली तर सहसा भागतं. हंगाम संपून तपासणी झाली की D आणि E कॉपी करून त्याच जागी फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. फॉर्म्युले जातील, आकडे राहतील आणि नंतर कुणी सॉर्ट केलं तरी हलणार नाहीत. त्यानंतर D मध्ये फक्त 1 फिल्टर केला की प्रत्येक कुटुंब नेमकं एकदा येईल. पैसे वाटताना सह्यांची यादी त्यावरूनच काढता येते.