न वळणाऱ्या दोन रेषा

रबराच्या सपाट तुकड्यावर खडूने अधिकचे चिन्ह काढले आणि तुकडा दोन टोकांना धरून तिरका ओढला, तर चिन्ह विस्कटते. आडवी रेघ थोडी वर कलते, उभी रेघ उजवीकडे झुकते आणि दोघींतला काटकोन बिघडतो. पण त्याच तुकड्यावर दुसरे चिन्ह असे काढले की त्याची एक रेघ ओढीच्याच दिशेने आहे, तर ते शाबूत राहते. एक रेघ लांबते, दुसरी आखडते, पण वळत कोणीच नाही. ताणल्यावरही जी रेषा आपली दिशा सोडत नाही, तिच्या दिशेला गणितात ‘आयगेन व्हेक्टर’ म्हणतात. तिची लांबी जितक्या पटीने बदलते ती पट म्हणजे त्या दिशेची ‘आयगेन व्हॅल्यू’. जर्मन भाषेत ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचा, अंगचा. ताणाच्या अंगच्या दिशा, असा त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला ही गोष्ट दोनदा नापास झाल्यावर उमगली. मॅट्रिक्सच्या प्रकरणातली रीत तिला पाठ होती: कर्णावरच्या आकड्यांतून λ वजा करायचा, डिटर्मिनंट शून्य धरायचा, समीकरण सोडवायचे आणि मिळालेले उत्तर परत मॅट्रिक्समध्ये घालायचे. गणित बरोबर आले तरी उत्तर कशाचे आहे ते तिला सांगता येत नसे, आणि चुकले तर कुठे चुकले तेही कळत नसे. अशा पाठांतराचा तोटा परीक्षेत लगेच दिसतो. वजाबाकीच्या एका चुकीने सगळे उत्तर वाहून जाते आणि ते अशक्य आहे हे ओळखण्याची एकही खूण हाताशी नसते.

खूण मिळाली ती पंक्चरच्या दुकानात. स्कूटरच्या ट्यूबला दोन भोके होती. दुकानदाराने प्रत्येक भोकावर खडूने फुली मारली होती, एक सरळ आणि एक तिरपी. भोक केवढे आहे ते पाहायला त्याने ट्यूब ताणली, तेव्हा एक फुली कात्रीसारखी मिटत गेली आणि दुसरीचा काटकोन तसाच राहिला. “काका, परत एकदा ओढा ना,” असे म्हणत तिने त्याला तीनदा ट्यूब ताणायला लावली. “ताई, भोक तेवढंच आहे,” तो म्हणाला. निघताना तिने टाकून दिलेल्या एका ट्यूबचा तुकडा मागून घेतला.

घरी तिने तो तुकडा उभा चिरून सपाट केला. सुमारे 15 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब पट्टी झाली. तिची दोन्ही टोके लाकडी पट्ट्यांत घट्ट धरून लांब फळीवर खिळ्यांनी अडकवायची सोय केली. मधोमध बॉलपेनने एक बिंदू आणि त्यातून निघणारे, एकमेकांना काटकोनात असलेले 50 मिलिमीटरचे दोन बाण काढले. पट्टीच्या कडांशी ते मुद्दाम वाकडे ठेवले, कारण कडांना समांतर काढले असते तर शोधायला काही उरलेच नसते. न ताणलेल्या बाणांची नक्कल पारदर्शक प्लास्टिकवर उतरवून ते फळीवर पक्के केले. आडवे-उभे मोजायचे ते याच नकलेच्या आधाराने.

मग पट्टी 40 सेंटिमीटरची 60 होईपर्यंत ताणून खिळवली. आडव्या बाणाचे टोक आता मधल्या बिंदूपासून 68 मिलिमीटर उजवीकडे आणि 14 वर होते. उभ्या बाणाचे टोक 14 उजवीकडे आणि 47 वर. दोन्ही बाणांची मूळ लांबी 50, म्हणून प्रत्येक आकडा 50 ने भागायचा आणि बाण एकेका स्तंभात मांडायचे:

```
1.36   0.28
0.28   0.94
```

मॅट्रिक्स म्हणजे एवढेच. पहिल्या स्तंभात आडवा बाण कुठे गेला, दुसऱ्यात उभा बाण कुठे गेला. या दोघांचे काय झाले ते कळले की पट्टीवरच्या कुठल्याही बाणाचे काय होईल ते बेरजेने सांगता येते, कारण प्रत्येक बाण काही भाग आडवा आणि काही भाग उभा असतो. पाठ्यपुस्तकात हे वाक्य असतेच, पण ते प्रकरणाच्या सुरुवातीला येते आणि तोवर विद्यार्थी त्याची गरज ओळखत नाही.

आता प्रश्न असा की ताणताना न वळलेली दिशा कोणती. अशा दिशेचा बाण मॅट्रिक्समधून गेला की तोच बाण λ पटीने मोठा किंवा लहान होऊन बाहेर येतो. म्हणजे पट्टीच्या ताणातून नुसती λ पटीची सरसकट वाढ वजा केली, तर त्या दिशेवर काहीच उरत नाही. त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू शून्यावर कोसळतो. आणि एक अख्खी रेषा बिंदूत मिटली की चौकोनाचे क्षेत्रफळही मिटते, उरली तर एक रेघ उरते. डिटर्मिनंट म्हणजे क्षेत्रफळ किती पट झाले तो आकडा, म्हणूनच तो शून्य धरायचा. इतके दिवस डोळे मिटून केलेल्या त्या पायरीचे कारण तिला इथे सापडले. समीकरण असे येते:

```
(1.36 − λ)(0.94 − λ) − 0.28 × 0.28 = 0
λ² − 2.30λ + 1.20 = 0
λ = 1.5  किंवा  λ = 0.8
```

पहिले उत्तर ओळखीचे निघाले. 40 चे 60 म्हणजे दीडपट. λ च्या जागी 1.5 घालून दिशा काढली तर दोन घरे उजवीकडे आणि एक घर वर, अशी येते. प्लास्टिकवर ती रेघ मारली तेव्हा ती पट्टीच्या कडेला समांतर होती. गणिताला कड कुठे आहे ते ठाऊक नव्हते, त्याला फक्त दोन बाणांची टोके दिली होती.

दुसऱ्या उत्तराने मात्र ती थबकली. आयगेन व्हेक्टर म्हणजे जास्तीत जास्त ताणाची दिशा, अशी तिने मनाशी गाठ मारली होती आणि 0.8 म्हणजे तर आखडणे. त्याची दिशा येते एक घर उजवीकडे, दोन घरे खाली, म्हणजे ओढीला काटकोनात. फूटपट्टी लावल्यावर 15 सेंटिमीटरची रुंदी 12 वर आलेली दिसली. रबर ओढला की लांब होतो तसा अरुंद आणि पातळही होतो, कारण त्याचे घनफळ जवळपास बदलत नाही. दिशा टिकली की पुरे, लांबी वाढो की घटो. दीड गुणिले 0.8 म्हणजे 1.2, हाच मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट. पट्टीचे क्षेत्रफळ 1.2 पट झाले, तेव्हा जाडी तेवढ्याच प्रमाणात घटून सुमारे 0.83 पट व्हायला हवी. साध्या पट्टीने जाडीतला हा फरक मोजता येत नाही, पण ताणलेल्या ट्यूबला हात लावला तरी ती पातळ झाल्याचे कळते.

हा प्रयोग पहिल्याच फेरीत जमला नव्हता, आणि तो कसा फसला ते जमण्यापेक्षा जास्त शिकवणारे आहे. आधीच्या मोजणीत आडव्या बाणाचे टोक 9 मिलिमीटर वर आले होते आणि उभ्याचे 17 मिलिमीटर उजवीकडे. ते दोन आकडे सारखे हवेत, कारण नुसत्या ताणाचा मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. प्लास्टिक 4 अंशांनी सरकले होते, म्हणजे मोजणीत ताणाबरोबर थोडे फिरणेही मिसळले होते. त्या आकड्यांवरूनही दोन दिशा निघतात, पण त्यांच्यात काटकोन राहत नाही, 103 अंशांच्या आसपासचा कोन येतो. काटकोन हा ताणाच्या सममितीचा गुण आहे, सगळ्या आयगेन व्हेक्टरांचा नव्हे. कागद न ताणता नुसता 30 अंश फिरवला तर एकही दिशा जागेवर राहत नाही आणि समीकरणाला वास्तव उत्तरच येत नाही. जाड वहीची पाने एका बाजूला सरकवली तर पानांना समांतर अशी एकच दिशा टिकते.

दुसरी मर्यादा रबराची. एक मॅट्रिक्स सगळ्या पट्टीला लागू पडतो तो सरळ रेषा सरळ आणि समांतर रेषा समांतर राहतात तोवरच. लाकडी पट्ट्यांपाशी रबर आडवा आखडू शकत नाही, तिथे रेषा वाकतात. म्हणून खुणा मधोमध काढायच्या आणि पट्टी रुंदीपेक्षा बरीच लांब घ्यायची. चौकड्या आखून ठेवल्या तर वाकलेली घरे नुसत्या नजरेला दिसतात. तिथला ताण सांगायचा तर जागोजागी वेगळा मॅट्रिक्स लागतो आणि न वळणाऱ्या दिशाही जागोजागी बदलतात.

रबराची चादर ही केवळ समजावण्यासाठी शोधलेली उपमा नाही. फ्रेंच गणिती ऑग्युस्तँ लुई कोशी याने 1820 च्या दशकात घन पदार्थांतल्या ताणांचा अभ्यास करताना प्रत्येक बिंदूपाशी परस्परांना काटकोनात असलेल्या तीन मुख्य दिशा असतात हे दाखवले आणि सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू नेहमी वास्तव असतात हेही त्यानेच सिद्ध केले. ‘आयगेन’ हा शब्द मात्र नंतरचा, जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टच्या 1904 मधल्या लेखनातून रूढ झालेला.

त्या विद्यार्थिनीने पुढे हेच खडूवर करून पाहिले. खडू दोन्ही हातांत धरून पिळला तर तो आडवा तुटत नाही, 45 अंशांत तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. पिळताना खडूच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने ताण शून्य असतो, आडवाही शून्य, फक्त घसरता जोर असतो. तो τ मानला तर मॅट्रिक्स होतो:

```
0   τ
τ   0
```

याच्या आयगेन व्हॅल्यू +τ आणि −τ, आणि दिशा दोन्ही कर्णांच्या. एका कर्णावर खडू ओढला जातो, दुसऱ्यावर दाबला जातो. खडू दाब सोसतो, ओढ सोसत नाही, म्हणून तडा ओढीच्या कर्णाला काटकोनात जातो. हात उलटा पिळला तर मळसूत्रही उलटे होते.