“पांढरं करून द्या” एवढं पुरत नाही

कॅटलॉगचे फोटो घरून काम करणाऱ्या एडिटरकडे पाठवताना बहुतेक दुकानदार एकच ओळ लिहितात: “बॅकग्राउंड पांढरं करून द्या.” फोटो पांढरे होऊन येतातही, पण चप्पल हवेत तरंगते, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि चामड्याचा रंग उडालेला असतो. यात एडिटरकडे बोट दाखवण्याआधी आपण काय लिहिलं होतं, ते वाचून पाहावं. कोल्हापुरी चपलांच्या एखाद्या दुकानदाराचं पत्र कसं असावं, त्याचा हा नमुना.

“ताई, नमस्कार. सोबत २४ फोटो पाठवले आहेत. सगळे दुकानात लाल सतरंजीवर काढलेत. सतरंजी, मागची भिंत आणि कोपऱ्यातला स्टुलाचा पाय काढून टाका. बॅकग्राउंड शुद्ध पांढरं हवं, म्हणजे आरजीबीचे तिन्ही आकडे २५५. अंगठ्याच्या आतली आणि कानांखालची पोकळीही पांढरी हवी, तिथे सतरंजी दिसता कामा नये. तळाच्या कडेवर सतरंजीची लाली चढली आहे, तेवढीच काढा. चामड्याच्या मूळ रंगाला हात लावू नका. रंग ताडून पाहायला खिडकीपाशी काढलेला एक फोटो वेगळा जोडला आहे. वेणी आणि गोंड्याचे सुटे दोरे कापू नका. तळाला टेकलेली बारीक सावली ठेवा, बाकीच्या सावल्या काढा.”

२५५ हा आकडा हौसेचा नाही. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचा बनतो आणि प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशी पायरी असते. तिन्ही २५५ असले की पूर्ण पांढरा. ॲमेझॉनसारखी बाजारपेठ मुख्य फोटोसाठी हाच पांढरा मागते, शिवाय वस्तूने फोटोची ८५ टक्के चौकट व्यापावी असंही सांगते. २४० चा पांढराही डोळ्यांना पांढराच वाटतो; पण तो फोटो वेबसाइटच्या पांढऱ्या पानावर ठेवला की भोवती मळकट चौकोन उमटतो. दुकानदाराला तपासायचा सोपा उपाय हाच: फोटो कोऱ्या पांढऱ्या पानावर टाकून बघायचा.

पोकळीचं वाक्य मात्र सगळ्यात मोलाचं. कोल्हापुरी चपलेत अंगठा, पट्टा आणि कान यांच्यामधून मागचं दिसतं. बाहेरची कड नीट कापणाऱ्या माणसाच्याही नजरेतून या आतल्या जागा सुटतात, आणि स्वयंचलित कटिंगवर विसंबलं तर हमखास सुटतात. मग अंगठ्याच्या आत लाल सतरंजीचा ठिपका राहतो. तपासायला एडिटरकडून पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी फाइल मागावी आणि ती गडद निळ्यावर ठेवून पाहावी. राहिलेली सतरंजी, कडेची पांढरट झालर, कुरतडलेला दोरा, सगळं तिथे उघडं पडतं. पांढऱ्यावर हे दोष लपतात.

लालीचं कारण प्रकाशात आहे. सतरंजीवर पडलेला उजेड लाल होऊन चपलेच्या तळावर उसळतो. बॅकग्राउंड बदललं तरी ती लाली चामड्यावरच राहते. ती काढायला अख्ख्या फोटोचा रंग फिरवला, तर तांबूस चामडं पिवळट दिसतं आणि गिऱ्हाईक घरी पोचलेली चपल “फोटोतली नाही” म्हणून परत पाठवतं. म्हणून पत्रात “तेवढीच” हा शब्द आणि सोबत खिडकीपाशीचा फोटो. रंग कमी न केलेल्या फिकट चामड्याची अडचण उलटी: पांढऱ्यावर तिची कड विरघळते. तिथे कडेचा नैसर्गिक गडदपणा राखायला सांगावं, काळी रेघ ओढायला नव्हे.

टेकलेली सावली पूर्ण पुसली की चपल तरंगते. जास्त ठेवली की बॅकग्राउंड २५५ राहत नाही. मुख्य फोटोला सावली नको असं एखाद्या बाजारपेठेचं म्हणणं असेल, तर त्याच चपलेच्या दोन फाइली आधीच मागाव्यात. नंतर मागितलं की ते नवं काम होतं, आणि पैसेही नव्याने लागतात. एडिटर यात बरोबर असते.

पत्राचा शेवट असा: “जेपीजी, २००० बाय २०००, एसआरजीबी. नाव मालाच्या क्रमांकावरून, म्हणजे K07-1.jpg. आधी तीनच करून पाठवा: एक गोंड्याची, एक वेणीची, एक फिकट रंगाची. पसंत पडल्या की बाकीच्या २१.”

गोंडा, वेणी आणि फिकट कड हेच तीन अवघड प्रकार. ते जमले की उरलेल्या एकवीस फोटोंत सहसा अडत नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्याआधी हे तीन नमुने जरूर पाहून घ्यावेत.