मुदत कुठल्या दिवसापर्यंत मोजायची?

गेल्या डिसेंबरात सांगलीच्या मावशी-काकांसाठी मी जर्मनीच्या व्हिसाच्या कागदपत्रांचा तक्ता केला. त्यांची मुलगी म्युनिकला नोकरी करते आणि दोघांना उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला जायचं होतं. रकाने नेहमीचेच: कागद कोणता, प्रती किती, स्थिती काय, मुदत कधी संपते. काकांनी पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं होतं, ‘पासपोर्ट, आहे, मुदत 12/10/2026’, आणि पुढे बरोबरची खूण. मे ते जुलैचा प्रवास, मुदत ऑक्टोबरची. वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. पण या पासपोर्टवर काकांना व्हिसा मिळाला नसता.

शेंगेन व्हिसाचा नियम असा आहे, की तिथून परत निघण्याच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान तीन महिने चालू असला पाहिजे. दोघं 10 मे 2026 ला पोहोचणार आणि 30 जुलैला परत निघणार. त्यापुढे तीन महिने मोजले की 30 ऑक्टोबर येतो. काकांचा पासपोर्ट त्याआधी अठरा दिवस संपत होता. म्हणजे ‘मुदत कधी संपते’ या रकान्यात नुसती कागदावरची तारीख लिहून भागत नाही. तिच्या शेजारी आणखी एक रकाना लागतो, तो म्हणजे ‘आपल्याला कधीपर्यंत चालू हवा’. या दोन तारखा एकमेकींशेजारी लिहिल्या की चूक आपोआप दिसते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक याद्यांत हा दुसरा रकाना नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

हा रकाना भरताना लक्षात येतं, की सगळ्या कागदांची मुदत एकाच दिशेनं मोजत नाहीत. पासपोर्ट आणि विमा पुढे मोजायचे, परतीच्या तारखेपासून. फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट मागे मोजायचे, अर्ज देण्याच्या दिवसापासून. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा, स्टेटमेंट शेवटच्या तीन महिन्यांचं. त्यामुळे स्टेटमेंट हौसेनं डिसेंबरात काढून ठेवण्यात अर्थ नसतो. मार्चमध्ये अर्ज देताना ते शिळं झालेलं असतं. अर्जाच्या दिवसालाही हद्द आहे. प्रवासाआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर अर्ज घेत नाहीत आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर करायचा नाही. आम्ही 16 मार्चची वेळ घेतली आणि सगळा तक्ता त्या दिवसाशी बांधला. त्यातल्या काकांच्या चार ओळी अशा होत्या:

| कागद | प्रती | कधीपर्यंत चालू हवा | प्रत्यक्ष मुदत | स्थिती |
|---|---|---|---|---|
| पासपोर्ट | मूळ + 1 | 30 ऑक्टोबर 2026 | 12 ऑक्टोबर 2026 | नवा काढणे |
| मुलीचं हमीपत्र | मूळ + 1 | अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांच्या आतलं | अजून नाही | पासपोर्टनंतर |
| प्रवास विमा | 1 | 30 जुलै 2026 | अजून नाही | पासपोर्टनंतर |
| बँक स्टेटमेंट | 1, शिक्क्यासह | 16 मार्चला ताजं | – | मार्चमध्ये काढणे |

तारखेत महिना अक्षरात लिहिला आहे, तोही मुद्दाम. काकांनी आधी हा तक्ता लॅपटॉपवर भरला होता. भारतीय पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना असतो. लॅपटॉपची मांडणी मात्र अमेरिकी होती, तिथे आधी महिना. त्यामुळे 12/10/2026 ही तारीख त्यानं 10 डिसेंबर धरली, आणि 10 डिसेंबर तर 30 ऑक्टोबरच्या कितीतरी पुढे. मी तपासणीसाठी सूत्र घातलं तेव्हा समोर ‘चालेल’ असं आलं. मूळ पासपोर्ट हातात घेऊन बोट ठेवून वाचला, तेव्हा घोळ कळला. दिवसाचा आकडा बारापर्यंत असला की हा गोंधळ होऊ शकतो. म्हणून ‘12 ऑक्टोबर 2026’ असंच लिहावं, आणि तारीख मूळ कागद समोर ठेवूनच भरावी, आठवणीनं नाही.

वरच्या तक्त्यात दोन ठिकाणी ‘पासपोर्टनंतर’ लिहिलं आहे. भारतीय पासपोर्ट मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्यानं काढता येतो, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा असतो. मुलीनं पाहुण्यांच्या खर्चाची जबाबदारी घेतल्याचं जे सरकारी हमीपत्र जर्मनीत मिळतं, त्याला ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. ते तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात वेळ घेऊन, फी भरून, मिळकतीचे कागद दाखवून काढावं लागतं, आणि त्यात पाहुण्याचा पासपोर्ट नंबर येतो. तिची वेळ पुढच्याच आठवड्यात होती. मी फोन करून म्हटलं, “थांब, बाबांचा नंबर बदलणार आहे.” तिनं वेळ फेब्रुवारीत ढकलली. जानेवारीत काकांचा नवा पासपोर्ट आला, 9 फेब्रुवारीला हमीपत्र झालं आणि मूळ प्रत कुरियरनं सांगलीला पोहोचली. ते स्कॅन करून पाठवून चालत नाही. विमा त्यानंतर घेतला: किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला, 10 मे ते 30 जुलै पूर्ण भरणारा.

प्रतींच्या रकान्यात नवरा-बायकोची हमखास गफलत होते. घर एक, खातं एक, म्हणून फाईलही एकच करून नेतात. पण अर्ज माणशी असतो. मावशीची फाईल वेगळी, काकांची वेगळी. संयुक्त खात्याचं स्टेटमेंट, लग्नाचा दाखला, मुलीच्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची झेरॉक्स, हे सगळं दोन्ही फायलींत हवं. म्हणून प्रतींचा आकडा माणशी लिहावा आणि सामाईक कागदांपुढे ‘×2’ घालावं. हमीपत्राची एक जादा झेरॉक्स आम्ही हातातल्या बॅगेसाठीही केली, कारण तिथल्या विमानतळावर अधिकारी कधी कधी खर्चाबद्दल विचारतात.

राहिला स्थितीचा रकाना. तिथे नुसती खूण करू नये. आम्ही चार शब्द ठरवले होते: मागितला, हाती आला, तपासला, फाईलमध्ये. खरा पहारा ‘तपासला’ या शब्दाचा. मावशीच्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं आणि दाखला मराठीत होता. त्याचा इंग्रजी अनुवाद करून घेतला, तर अनुवादात आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षरानं वेगळं निघालं. दाखला ‘हाती आला’ एवढ्यावर सोडला असता, तर हे खिडकीवर कळलं असतं. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टशी जुळवून पाहिल्याशिवाय तिसरा शब्द लिहायचा नाही, असा नियमच केला. अर्ज नाकारला तर माणशी 90 युरोची फी परत मिळत नाही, हे मावशींनी तक्त्याच्या वरच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं.

व्हिसा आला म्हणजे तक्ता संपला असं नाही. शेवटची ओळ व्हिसाच्या चिकटपत्राचीच असावी. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं, आणि राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. मावशी-काकांच्या व्हिसावर शेवटची तारीख 14 ऑगस्ट आहे, पण दिवस 82. जादा पंधरा दिवस प्रवास थोडा पुढेमागे झाला तर उपयोगी पडावेत म्हणून असतात, तिथे जास्त राहण्यासाठी नाहीत. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजून 82 झाले की निघायलाच हवं. 10 मे ला उतरल्यावर तो दिवस येतो 30 जुलैला.